गूगलनं वाचलं, पण घेतलं नाही

गूगल सर्च कन्सोलमध्ये डावीकडच्या यादीतून Pages हा अहवाल उघडला की वर दोन आकडे दिसतात. हिरवा आकडा इंडेक्समध्ये असलेल्या पानांचा आणि करडा नसलेल्यांचा. छोट्या साइटचा मालक बहुधा करड्या आकड्यापाशी थबकतो, कारण तो हिरव्याच्या तिप्पट-चौपट असतो. त्याखाली कारणांचा तक्ता येतो. त्यातली एक ओळ सगळ्यात जास्त कोड्यात टाकते: `Crawled - currently not indexed`. मग त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट साइट बनवून देणाऱ्याला किंवा ओळखीतल्या एखाद्या जाणकाराला व्हॉट्सॲपवर जातो आणि खाली प्रश्न असतो, "हे कसं दुरुस्त करायचं?"

नुसत्या त्या स्क्रीनशॉटवरून कुणालाच उत्तर देता येणार नाही. त्यात आकडा असतो, पण तो कुठल्या पानांचा आहे हे दिसत नाही. आणि इथे सगळं त्याच्यावरच ठरतं.

आधी ही ओळ काय सांगते ते पाहू. गूगलचा गूगलबॉट हा प्रोग्रॅम साइटवर येतो, पान उतरवून घेतो आणि वाचतो. त्याला क्रॉल करणं म्हणतात. वाचलेलं पान आपल्या साठ्यात ठेवायचं की नाही, हा निर्णय त्यानंतर होतो. तो साठा म्हणजे इंडेक्स, आणि शोधाचे निकाल फक्त त्यातूनच निघतात. पान काढून टाकलं असेल, त्यावर noindex ची सूचना असेल किंवा robots.txt मध्ये त्याची वाट अडवलेली असेल, तर तक्त्यात त्या त्या कारणाची वेगळी ओळ दिसते. आपल्या ओळीत आलेल्या पानांना यातला कुठलाच अडथळा नव्हता. गूगलबॉट आला, त्यानं पान वाचलं आणि ते न घेता तो परत गेला. याच्याच शेजारी `Discovered - currently not indexed` अशी ओळ असते. तिच्यातल्या पानांचा फक्त पत्ता गूगलला ठाऊक असतो, ती अजून वाचलेलीही नसतात. या दोन ओळींची नेहमी गल्लत होते, पण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ही पानं पुढे कधी घेतली जातील किंवा जाणारही नाहीत, पत्ता पुन्हा पाठवायची गरज नाही, एवढंच गूगल स्वतःच्या मदतपानावर सांगतं. का घेतलं नाही, ते तिथे लिहिलेलं नसतं. ते आपणच पानांची यादी उघडून शोधायचं.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालणाऱ्या छोट्या दुकानांमध्ये असं चित्र नेहमी दिसतं. रत्नागिरीकडचं एक घरगुती दुकान कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ विकतं आणि माल कुरिअरनं पाठवतं. त्यांच्या अहवालात 58 पानं इंडेक्समध्ये आहेत आणि `Crawled - currently not indexed` या ओळीत 240. मालकांचा पहिला समज असा, की आपलं जवळजवळ सगळं दुकानच गूगलनं नाकारलं.

अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात All known pages असं लिहिलेली एक छोटी पट्टी असते. ती दाबून All submitted pages निवडायचं. आता फक्त साइटमॅपमध्ये दिलेली, म्हणजे मालकानं स्वतःहून गूगलपुढे ठेवलेली पानं उरतात. वर्डप्रेस 5.5 पासून, म्हणजे 2020 पासून, `/wp-sitemap.xml` या पत्त्यावर आपोआप साइटमॅप तयार करतं. एसईओचं प्लगइन असेल तर तो बहुधा वेगळ्या पत्त्यावर असतो. सर्च कन्सोलच्या Sitemaps या भागात तो दिलेला नसेल तर आधी द्यावा आणि काही दिवस थांबावं, कारण त्याशिवाय ही गाळणी चालत नाही. आपल्या दुकानात ही गाळणी लावल्यावर 240 चे 46 झाले.

मग उरलेली 194 कोणती? पुन्हा पट्टी बदलून Unsubmitted pages only निवडलं आणि यादी उघडली. निम्म्याहून अधिक पत्त्यांच्या शेवटी `/feed/` होतं. वर्डप्रेस प्रत्येक लेखासाठी, प्रत्येक वर्गासाठी फीडचा वेगळा पत्ता तयार करतं. तो फीड वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतो, माणसांनी शोधून उघडण्यासाठी नव्हे. गूगल तो वाचतं आणि इंडेक्समध्ये ठेवत नाही, हेच बरोबर आहे. बाकीच्या पत्त्यांत `?orderby=price` अशी शेपटी होती, म्हणजे तीच उत्पादनं स्वस्त ते महाग अशी लावलेली, किंवा यादीचं `/page/3/` होतं. यांतलं एकही पान इंडेक्समध्ये नसल्यानं दुकानाचं काही बिघडत नाही. मोठ्या साइटवर लाखो पानं असतात, तेव्हा अशा पत्त्यांवर गूगलबॉटचा किती वेळ जातो याचा हिशेब ठेवावा लागतो. दोन-तीनशे पानांच्या दुकानाला ती काळजी करायचं कारण नाही. ही 194 पानं तशीच राहू द्यावीत, त्यांच्यामागे एक संध्याकाळसुद्धा घालवू नये.

मात्र एकदा यादी डोळ्यांखालून घालावी, एका वेगळ्या कारणासाठी. तिच्यात आपण कधीच न लिहिलेली पानं, जपानी अक्षरांची शीर्षकं, औषधांची किंवा ब्रँडेड बुटांची नावं असलेले पत्ते दिसले, तर साइटमध्ये कुणीतरी घुसलेलं आहे. चोरून तयार केलेली अशी पानं मालकाला साइटवर फिरताना दिसत नाहीत, पण या यादीत उमटतात. असं झालं तर इंडेक्सचा विचार बाजूला ठेवून आधी Security issues हा भाग बघावा, पासवर्ड बदलावेत, सर्च कन्सोलच्या Users and permissions मध्ये अनोळखी मालक जोडला गेलाय का ते तपासावं आणि होस्टिंग कंपनीला कळवावं.

आता हातात 46 पानं आहेत, आणि खरं काम यांच्यावरच करायचं. सर्च कन्सोल एका यादीत जास्तीत जास्त हजार पत्ते दाखवतं, त्यामुळे छोट्या साइटची संपूर्ण यादी मिळते. Export दाबून ती स्प्रेडशीटमध्ये घेतली आणि पुढे एक रकाना जोडून प्रत्येक पानाचा प्रकार लिहिला. त्यात टॅगची पानं 14 निघाली, शहरांची 20, उत्पादनांची 7 आणि लेख 5.

टॅगची पानं पटकन संपवता येतात. प्रत्येक उत्पादनाला ‘घरगुती’, ‘कोकणी चव’, ‘उन्हाळा स्पेशल’ असे टॅग लावले गेले आणि प्रत्येक टॅगचं एक पान तयार झालं. त्यातल्या बहुतेकांवर एकच उत्पादन होतं, तेही स्वतःच्या पानावर असलेलं. वर्डप्रेसचा साइटमॅप ही पानंही आपण होऊन यादीत घालतो, म्हणून ती ‘दिलेल्या’ पानांत मोजली गेली. निरुपयोगी टॅग काढून टाकावेत. राहिलेल्यांवर प्लगइनच्या सेटिंगमधून noindex लावावं आणि ती साइटमॅपमधूनही वगळावीत. पानाच्या कोडमध्ये मग अशी ओळ येते:

```
<meta name="robots" content="noindex">
```

इथे एक चूक बरेच जण करतात. खात्री म्हणून तेच पत्ते robots.txt मध्येही अडवतात. मग गूगलबॉटला पान उघडताच येत नाही आणि पानावरची noindex ची ओळ तो वाचूच शकत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवावं, आणि या कामासाठी noindex योग्य.

शहरांच्या पानांवर थोडं थांबू, कारण छोट्या धंद्यांच्या साइटवर हे दुखणं फार पसरलेलं आहे. ‘पुण्यात कोकम आगळ’, ‘नाशिकमध्ये कोकम आगळ’, ‘ठाण्यात कोकम आगळ’ अशी 20 पानं होती. प्रत्येकावर तोच मजकूर, फक्त शहराचं नाव बदललेलं. अशी पानं करा म्हणजे प्रत्येक शहरातून ग्राहक येतील, असं मालकांना कुणीतरी सांगितलेलं असतं. गूगलच्या बाजूनं बघा: पुण्याचं पान वाचल्यावर नाशिकच्या पानात नवं काय मिळालं? काहीच नाही. अशा पानांना गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात ‘डोअरवे’ असं नावच आहे. त्यामुळे ती इंडेक्समध्ये न येणं हा त्यातल्या त्यात सौम्य परिणाम म्हणायचा. शहरामागे चार वाक्यं आणखी घालून, शनिवारवाडा नि पंचवटीचा उल्लेख करून ही पानं वाचवता येतील असं पुष्कळांना वाटतं. पण वाचणाऱ्याला आगळ मागवायचं आहे, त्याला शनिवारवाड्याचं काय?

यांचं एकच पान करावं: ‘आम्ही माल कुठे आणि कसा पाठवतो’. त्यात ग्राहकाला खरोखर हवं ते सगळं असावं. कुठल्या भागात किती दिवस लागतात, काचेची बाटली कशी बांधतात, फुटली तर काय करतात, किती रकमेच्या वर पाठवणीचा खर्च लागत नाही, पावसाळ्यात फणसपोळी पाठवताना काय काळजी घेतात. जुन्या 20 पत्त्यांवरून या पानाकडे 301 रीडायरेक्ट लावावा, म्हणजे कुणी जुनी लिंक उघडली तरी ती योग्य जागी पोचेल. पुण्यात दुकानाचा माल ठेवणारी एखादी जागा खरोखर असेल, तिचा पत्ता, वेळ आणि फोन देता येत असेल, तर तेवढं एक शहराचं पान जरूर ठेवावं. अशी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे मात्र वळवू नयेत. संबंध नसलेल्या पानाकडे नेणारा रीडायरेक्ट गूगल ‘पान सापडलं नाही’ यातच धरतं.

उत्पादनांच्या सात पानांपैकी तीन एकाच आगळाची होती: 200 मिलि, 500 मिलि आणि एक लिटर. वूकॉमर्समध्ये एकाच उत्पादनाला मापं जोडायची सोय आहे, तेव्हा तिन्हींचं एक पान करून मापाची निवड त्यातच द्यावी आणि जुने पत्ते तिकडे वळवावेत. उरलेल्या चार पानांवर फोटो, किंमत आणि ‘शुद्ध, घरगुती आणि चविष्ट’ एवढंच होतं. हे वाक्य कुठल्याही मालाला लागू पडतं. गूगलच्या दृष्टीनं अशी हजारो पानं आहेत, त्यात हे एक आणखी.

इथे लिहावंच लागतं, आणि लिहायला ज्ञान दुकानदाराकडेच असतं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला, बिनसाखरेचा अर्क. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक असलेलं सरबत. शहरातल्या किती तरी ग्राहकांचा या दोन्हींत घोटाळा होतो आणि मग ‘बाटली खारट निघाली’ अशी तक्रार येते. फळ कुठल्या महिन्यात काढतात, मीठ किती घालतात, चार माणसांच्या सोलकढीला आगळ किती चमचे लागतं, बाटली उघडल्यावर कुठे ठेवायची, तळाशी गाळ बसला तर ते खराब झालं का, हे सगळं ग्राहक फोनवर विचारतातच. फोनवर दिलेली हीच उत्तरं आपल्या शब्दांत पानावर लिहिली, तर ते पान दुसऱ्या कुठल्याही पानासारखं राहत नाही. शब्दसंख्येचा इथे काही नियम नाही. तीनशे शब्द झाले म्हणून पान इंडेक्समध्ये जातं, असं होत नसतं.

शेवटी पाच लेख. त्यातले चार सोलकढी, आमसुलाचं सार अशा सर्वपरिचित पाककृतींचे होते, इकडून तिकडून जुळवलेले. त्यांच्याबद्दल मी मालकांना आशा दाखवणार नाही. त्याच कृती नेटवर पुष्कळ आहेत, आणि आपल्याकडे वेगळं काही सांगण्यासारखं नसेल तर ते लेख ठेवले काय, काढले काय, सारखंच. पाचवा मात्र चांगला होता. कोकमाची फळं काढण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचं वर्णन, फोटोंसह, मालकांनी स्वतः लिहिलेलं. हे पान का घेतलं जाऊ नये?

अशा वेळी गूगलला नेमकं काय दिसलं ते बघावं लागतं. सर्च कन्सोलच्या वरच्या शोधपट्टीत त्या पानाचा पूर्ण पत्ता घालून एंटर दाबायचं. हे यूआरएल इन्स्पेक्शन. इथली माहिती यादीपेक्षा ताजी असते. कधी कधी यादीत ‘इंडेक्स नाही’ दिसणारं पान इथे `URL is on Google` असं निघतं आणि प्रश्न तिथेच मिटतो. तसं नसेल तर View crawled page दाबून गूगलनं वाचलेला एचटीएमएल मजकूर उघडायचा आणि लेखातलं एखादं वाक्य त्यात शोधायचं.

वाक्य सापडलं नाही, तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं. पानावरचा मजकूर फोटोत लिहिलेला असतो, पत्रिकेसारखा. किंवा तो जावास्क्रिप्टनं नंतर येतो आणि गूगलला मिळत नाही. तिसरं कारण आपल्या भाषेपुरतं महत्त्वाचं आहे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ असतो. असा मजकूर वेबपानावर टाकला असेल, तर गूगलला तिथे मराठी शब्दच सापडत नाहीत. तो मजकूर युनिकोडमध्ये करून घेतल्याशिवाय दुसरं काहीही केलं तरी उपयोग नाही. तो फाँट काढल्यावर अक्षरं मराठी राहतात का, हे पानावरचं वाक्य नोटपॅडमध्ये चिकटवून बघितलं की लगेच कळतं.

आपल्या लेखात वाक्य सापडलं. मजकूर युनिकोडमध्येच होता. पण त्याच तपासणीत Referring page समोर `None detected` होतं. म्हणजे साइटमॅपखेरीज त्या लेखाकडे नेणारी एकही लिंक गूगलला माहीत नव्हती. मालकांनी लेख लिहिला, व्हॉट्सॲपवर फिरवला, पण दुकानाच्या आगळाच्या पानावरून, मुखपृष्ठावरून त्याला जोडलंच नाही. ज्या पानाला साइटचा मालकच कुठून जोडत नाही, ते महत्त्वाचं आहे हे बाहेरच्यानं कशावरून धरायचं? आगळाच्या पानावर ‘आम्ही आगळ कसं करतो’ अशी साधी लिंक दिली, आमच्याविषयीच्या पानावरही दिली. एवढंच काम होतं.

हे सगळं झाल्यावर, बदललेल्या महत्त्वाच्या पानांसाठी त्याच तपासणीत Request indexing एकदा दाबावं. रोज किती पत्ते पाठवता येतील याला मर्यादा आहे, आणि एकच पत्ता पुन्हा पुन्हा पाठवल्यानं काम लवकर होत नाही. गूगलबॉट परत यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. अहवालातलं Validate fix हे बटण या ओळीसाठी दाबू नये असं माझं मत आहे. ते तपासणी सुरू करतं आणि जुन्या यादीतलं एखादं पान तसंच आढळलं तरी तपासणी नापास होते. आपल्या यादीत शंभरभर फीड आहेत आणि ती तशीच राहणार. मग ‘नापास’ असा मेल येतो आणि मालक विनाकारण घाबरतो.

पैसे घेऊन ‘दोन दिवसांत इंडेक्स’ करून देणारेही भेटतील. त्यातले बरेच जण गूगलच्या इंडेक्सिंग एपीआयचा वापर करतात. ती सोय गूगलनं नोकऱ्यांच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओंपुरतीच दिली आहे. आगळाचं पान त्यातून पाठवलं, तरी गूगलला ते घेण्याचं आधी नसलेलं कारण त्यामुळे निर्माण होत नाही.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत करडा आकडा फारसा उतरणार नाही, हे आधीच ठाऊक असलेलं बरं. वळवलेली शहरांची पानं `Page with redirect` या ओळीत जातील, टॅगची `Excluded by 'noindex' tag` मध्ये, आणि काढलेले टॅग `Not found (404)` मध्ये. ही सगळी मोजणी ‘इंडेक्स नाही’ यातच होते. म्हणून बघायचं ते All submitted pages ही गाळणी लावून, आणि Performance या अहवालात त्या त्या पानाचा पत्ता घालून: ‘आगळ आणि अमृत कोकम फरक’ अशा शोधांवर ते पान कुणाला दिसू लागलं का, कुणी त्यावर टिचकी मारली का. इंडेक्समध्ये जाणं आणि निकालांत वर दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानाला उपयोग दुसरीचाच.

एवढं करूनही एखादं पान बाहेर राहू शकतं. सगळी पानं घेऊ, असं आश्वासन गूगल कुणालाच देत नाही, आणि नव्या, फारशा लिंक नसलेल्या साइटच्या वाट्याला हे जास्त येतं. म्हणून ते पान काढून टाकायचं कारण नाही. कुळथाच्या पिठाचं पान गूगलमध्ये नसलं, तरी मालक त्याची लिंक रोज ग्राहकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि पीठ कसं भाजतात ते वाचूनच ते मागवणारे आहेत.